पार्लर आणि त्वचारोगतज्ज्ञ: चिठ्ठी कशी द्यावी, रेष कुठे आखावी

कोसाड आवासात चेहऱ्यावर काही उठलं, की बाई ते आधी पार्लरवालीला दाखवते. तिथून मेडिकलवर जाते, ट्यूब घेते. असे महिने जातात आणि मग कधीतरी डॉक्टर आठवतो. तापीच्या उत्तरेला, अमरोलीजवळ सुरत महापालिकेने बांधलेल्या या वसाहतीत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबंही राहतात. नवरा लूमच्या खात्यात आणि बायको घरी साड्यांवर स्टोन चिकटवते, अशा घरात त्वचेच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवणं असतं. पार्लर मात्र खालच्याच मजल्यावर असतं.

आपण असं पार्लर चालवत असाल, तर पुष्कळ त्वचारोग डॉक्टरच्या आधी आपल्या नजरेला पडतात. चांगल्या उजेडात, हातभर अंतरावरून, दर महिन्याला तोच चेहरा दुसरं कोण बघतं? म्हणून जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाशी ठरवून ठेवलेली ओळख असावी. कुणाला, कधी, कसं पाठवायचं आणि तिकडून परत आल्यावर काय करायचं, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिलं काम डॉक्टर शोधण्याचं नाही. आपली हद्द कुठे संपते हे ठरवण्याचं आहे.

औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा १९४०चा कायदा इथे सोपी फूटपट्टी देतो. अंगाला लावून स्वच्छ करणं, सुंदर करणं, रूप खुलवणं यासाठी जे वापरतात ते सौंदर्यप्रसाधन. रोग ओळखणं, बरा करणं, कमी करणं किंवा टाळणं यासाठी जे वापरतात ते औषध. हाच प्रश्न आपल्या प्रत्येक कामाला विचारून बघावा. थ्रेडिंग, वॅक्सिंग, साधं क्लीनअप, मेंदी, केस कापणं, मेकअप हे सगळं अलीकडचं. मुरुमं घालवणं, वांग काढणं, नायटा बरा करणं, गेलेले केस परत आणणं हे पलीकडचं. पाटीवर ‘पिंपल ट्रीटमेंट’ असं लिहिलं, की आपण रेष ओलांडली. आत फक्त मुलतानी माती लावत असलो, तरीही.

कामाच्या बाबतीत आणखी एक खूण ठेवावी. ज्यात सुई टोचते, पातं त्वचेत शिरतं, त्वचेचे थर जाळणारं आम्ल लागतं किंवा लेझरचं यंत्र लागतं, ते पार्लरमध्ये करायचं नाही. चामखीळ जाळणं, तीळ काढणं, चेहऱ्यावर सुयांचा रोलर फिरवणं, रक्त काढून त्यातला भाग परत टोचणं हे सगळं त्यात आलं. दोन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर असलं, तरी सुई एकीच्या रक्तातून दुसरीच्या रक्तात काय नेईल हे त्या कागदाला कळत नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका विनापरवाना स्पामध्ये अशा ‘व्हॅम्पायर फेशियल’मधून गिऱ्हाइकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या आरोग्य यंत्रणेने नोंदवलं आहे.

आता आपल्या कपाटातल्या ट्यूबा बघा. खरी चूक इथेच होते, आणि बहुतेकदा ती भलेपणातूनच होते. ‘माझ्या बहिणीला गुण आला, तूही लाव’ म्हणून ट्यूब पुढे केली जाते.

ट्यूबवर लाल उभी रेघ असेल, ‘आरएक्स’ची खूण असेल, ‘शेड्युल एच’ छापलेलं असेल, तर ते औषध आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचं नसतं. मग घटकांची नावं वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टेरॉइडं, म्हणजे सूज आणि लाली झटपट दाबणारी औषधं. नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सोल’ किंवा ‘लोन’ आलं, की थांबावं. मायकोनाझोल, क्लोट्रिमाझोल यांतलं ‘झोल’ वेगळं, ती बुरशीवरची औषधं आहेत. पण मेडिकलवर मिळणाऱ्या कितीतरी ट्यूबांमध्ये हे ‘झोल’ आणि ते ‘सोल’ एकत्र असतात. शिवाय गोरं करणारी म्हणून जी ट्यूब हातोहात फिरते, तिच्यात बऱ्याचदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन औषधं असतात. वांगासाठी डॉक्टर ती काही आठवड्यांपुरती, नजर ठेवून देतात. आपल्याकडे ती वर्षानुवर्षं पावडरीखाली रोज लावली जाते. त्वचारोगतज्ज्ञांनी यावर बराच आवाज उठवला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने लावायची १४ स्टेरॉइडं चिठ्ठीच्या यादीत स्पष्टपणे आणली. दुकानात मात्र ती आजही मागितली की मिळतात.

दुसरा धोका ज्या डबीवर काहीच छापलेलं नसतं तिचा. अकोल्यात एका तरुण मुलीने स्थानिक ब्यूटीशियनकडून गोरं होण्याची क्रीम घेतली. तिच्याबरोबर आई आणि बहीणही ती लावू लागल्या. २०२२ मध्ये तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. आपल्या नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि घटक छापलेले नसतील, तर ती डबी पार्लरमध्ये ठेवूच नये, मग ती घाऊक बाजारात कितीही स्वस्त मिळो.

कुणाला पाठवायचं याची लांबलचक यादी पाठ करायची गरज नाही. काही चित्रं डोळ्यांत बसली की पुरे.

कमरेला, मांडीत, छातीखाली गोल चट्टा, कडा उठावदार, मधला भाग थोडा मोकळा आणि खाज: हा नायटा असण्याची शक्यता मोठी. सुरतेच्या दमट हवेत, घामाच्या कपड्यांत तो फोफावतो. त्यावर स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावली, की खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आत पसरत राहते. मग त्याचा गोल आकारही बिघडतो आणि डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं. अशा जागी वॅक्सिंग करू नये. आणि घरात आणखी कुणाला खाज आहे का, हे जरूर विचारावं. टॉवेल आणि अंथरूण एकच असेल, तर एकीचा उपचार करून भागत नाही.

त्वचेवर फिकट किंवा तांबूस चट्टा, त्याला खाज नाही आणि तिथे स्पर्श कमी कळतो: हा कुष्ठरोगही असू शकतो. वॅक्सिंग करताना ‘इथे दुखलंच नाही’ असं कुणी म्हणालं, तर ते हसण्यावारी नेऊ नये. टाचणी टोचून आपण तपासणी करायची नाही आणि त्या रोगाचं नावही तोंडातून काढायचं नाही. ‘हे एकदा दाखवून घ्या’ एवढंच म्हणावं. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं, आणि वेळेवर सुरू झालं तर हातापायांची हानी टळते.

मानेवर आणि काखेत काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा. बाई म्हणते, ‘मळ आहे, घासून काढा.’ तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसेल, तर त्वचा अशी होते. घासलं तर ती आणखी काळवंडते. अशा मुलीची पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर जाड केस येत असतील, तर थ्रेडिंग करून द्यावं, पण साखर आणि पाळी या दोन्हीची तपासणी करायलाही सांगावं.

याशिवाय वाढणारा किंवा रक्त येणारा तीळ, केसांत नाण्याएवढी गुळगुळीत चाई, स्टोनच्या गोंदाने भेगाळलेली बोटं, भुवईजवळ बारीक चपट्या चामखिळी. या शेवटच्या गोष्टीकडे पार्लरमध्ये नेहमी दुर्लक्ष होतं. दोरा त्यांच्यावरून फिरला, की चामखिळी त्याच रेषेत पसरतात. दिसल्या तर त्या दिवशी थ्रेडिंग थांबवायचं. आणि दोरा तोंडात धरायची सवय असेल, तर ती आजच सोडावी. गळ्यात अडकवून काम होतं.

एका गोष्टीला चिठ्ठीबिठ्ठीची वाट पाहायची नाही. केसांच्या काळ्या रंगानंतर डोळे सुजून मिटले, ओठ सुजले, श्वास लागला, तर डोकं भरपूर पाण्याने धुऊन बाईला थेट तातडीच्या विभागात न्यावं. रंगाच्या पाकिटावर ४८ तास आधी चाचणी घ्यायची सूचना असते, ती उगाच छापलेली नसते.

आता डॉक्टर निवडणं. पाटीवर ‘स्किन क्लिनिक’ किंवा ‘कॉस्मेटोलॉजिस्ट’ आहे म्हणून आत बसलेली व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ असेलच असं नाही. एमबीबीएसनंतर त्वचारोगात एम.डी. किंवा डी.एन.बी., नाहीतर डी.डी.व्ही.एल.सारखी पदविका, ही खरी पात्रता. डॉक्टरच्या कागदावर गुजरात मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. तो मागायला संकोच वाटू देऊ नये. चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नाचा राग येत नाही.

एक खाजगी आणि एक सरकारी, असे दोन पत्ते जवळ असावेत असं मी सुचवेन. फी परवडत नाही म्हणून चिठ्ठी पर्समध्येच राहते, हे अगदी नेहमीचं आहे. सहारा दरवाजाजवळचं महापालिकेचं स्मीमेर आणि मजुरा गेटचं न्यू सिव्हिल, या दोन्ही रुग्णालयांत त्वचा विभाग आहे. ओपीडीचे वार आणि केसपेपरची वेळ आपण एकदा स्वतः जाऊन पाहून यावी. कुठली बस धरायची, कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, हे सांगता आलं तर पाठवलेली बाई खरोखर पोचते.

खाजगी डॉक्टरकडे पहिल्यांदा जावं ते ओपीडी संपायच्या वेळी, आधी विचारून. आपण काय करतो आणि काय करत नाही हे पाच मिनिटांत सांगावं. मग तीन गोष्टी विचाराव्यात: चिठ्ठीवर काय लिहिलेलं त्यांना उपयोगी पडेल, परत पाठवताना पार्लरसाठी दोन ओळी लिहून देतील का, आणि शंका आली तर कुठल्या वेळी फोन चालेल.

आणि मग पैशांची गोष्ट. ती आपणच काढावी, त्यांनी काढायची वाट पाहू नये.

सुरतेत दलाली हा रोजचा शब्द आहे. कापड बाजारात आणि हिऱ्याच्या ऑफिसात मध्यस्थाने टक्का घेणं रीतसर आहे, कुणी त्याला नाव ठेवत नाही. म्हणून ‘पेशंटमागे इतके’ असं कानावर आलं, की त्यात काही चुकीचं आहे हे पटकन लक्षातही येत नाही. डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेत मात्र हे साफ मना आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन, भेट किंवा बोनस देणं-घेणं डॉक्टरला चालत नाही, आणि रुग्ण गोळा करायला दलाल ठेवणंही चालत नाही. कारण सरळ आहे. पाठवण्याचे पैसे मिळू लागले, की न पाठवायची बाईही पाठवली जाते. डॉक्टरकडे तो खर्च कुठून तरी वसूल व्हायचा असतो, मग साध्या मुरुमांवर सहा बैठकांचं पॅकेज बांधलं जातं.

पैसा नेहमी पैशाच्याच रूपात येतो असंही नाही. दिवाळीची मोठी भेट, कंपनीच्या महागड्या फेसवॉशचे खोके ‘विकून बघा’ म्हणून, रविवारी पार्लरमध्येच डॉक्टरच्या माणसाने ‘फ्री स्किन कॅम्प’ लावणं आणि तिथे डॉक्टरऐवजी यंत्र घेऊन एक मुलगी येणं. या सगळ्याला एकच उत्तर पुरतं: ‘सर, मी चिठ्ठी देईन, बाकी काही घेणार नाही.’ बाई डॉक्टरची फी डॉक्टरलाच देईल. चिठ्ठीचे पैसे आपण तिच्याकडूनही घ्यायचे नाहीत. डॉक्टरचं नाव आपल्या पाटीवर किंवा स्टेटसवर टाकायचं नाही, कारण त्यातून ‘हे पार्लर डॉक्टरचं आहे’ असा समज होतो आणि आपल्या साध्या फेशियललाही औषधाचं वजन येतं.

मग यात आपला फायदा काय, असं कुणीही विचारेल. बिघडलेला चेहरा आपल्या नावावर येत नाही, हा पहिला फायदा. आणि डॉक्टरकडूनही कामं येतात. कोडाच्या पांढऱ्या डागांवर लग्नापुरता झाकणारा मेकअप, अंगावर जास्त केस असलेल्या मुलीचं थ्रेडिंग, चाई झाकेल असा केसांचा कट. ही कामं डॉक्टर करत नाहीत आणि रुग्णांना ती हवी असतात.

आता चिठ्ठी. समजा, २७ वर्षांची एक बाई येते. पुढच्या आठवड्यात भावाची हळद आहे, ब्लीच करून द्या म्हणते. गाल लाल आहेत, हनुवटीवर बारीक पुटकुळ्या, गालांवर केसासारख्या लाल रेषा आणि ओठांच्या वर लव वाढलेली. आपण विचारता, रात्री काय लावतेस? ती पर्समधून अर्धी संपलेली ट्यूब काढते. शेजारणीने दिली, आठ महिने झाले, आधी फार छान गोरी झाले होते.

इथे सगळ्यात उपयोगी प्रश्न एकच: ‘दोन-तीन दिवस लावली नाहीस तर काय होतं?’ ती म्हणते, ‘तोंड पेटतं, लाल होतं, म्हणून परत लावते.’ हे उत्तर आलं, की स्टेरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्याची शंका पक्की धरावी. त्वचा पातळ झालेली असते आणि तिला त्या औषधाची सवय लागलेली असते. या चेहऱ्यावर ब्लीच, वाफ, स्क्रब, फेशियल यांतलं काहीही करायचं नाही. ‘ट्यूब आजच फेकून दे’ असाही हुकूम सोडायचा नाही. एकदम बंद केल्यावर लाली आणि पुटकुळ्या उसळतात, ती घाबरते आणि तीच ट्यूब पुन्हा विकत घेते. कशी बंद करायची, मधल्या काळात काय द्यायचं, हे डॉक्टर ठरवतील. लवकरात लवकर दाखव, ट्यूब बरोबर ने, तोवर उन्हात तोंड झाकून जा, एवढं सांगावं.

चिठ्ठीत काय दिसलं ते लिहावं, रोगाचं नाव लिहू नये. नमुना असा:

‘वय २७. दोन्ही गाल व हनुवटीवर लाली, बारीक पुटकुळ्या. गालांवर बारीक लाल रेषा. ऊन व गॅसपुढे जळजळ. ८ महिने रोज रात्री क्रीम लावते, ट्यूब सोबत आहे. लावणं थांबवल्यास २-३ दिवसांत लाली वाढते. गरोदर नाही असे सांगते. शेवटचं ब्लीच सुमारे एक महिन्यापूर्वी. आज पार्लरमध्ये काही केलेले नाही.’

खाली तारीख आणि आपलं नाव. डॉक्टर मराठी वाचत नसतील, तर हेच हिंदीत लिहावं. ‘गरोदर नाही’ ही ओळ अनेकजणी विसरतात. काही औषधं गरोदरपणात देत नाहीत, म्हणून तिची गरज. आणि ‘पार्लरमध्ये काही केलेलं नाही’ ही ओळ खरी असेल तरच लिहावी. आपण मागच्या महिन्यात एखादं पील लावलं असेल, तर तेही लिहावं. डॉक्टर आपल्याला धारेवर धरतील या भीतीने ते लपवलं, तर चुकीचं औषध मिळेल ते त्या बाईला.

चिठ्ठी बाईच्या हातात द्यावी. चेहऱ्याचा फोटो परस्पर व्हॉट्सॲपवर पाठवू नये. पाठवायचाच असेल तर तिला विचारून, तिच्याच मोबाइलवरून. आवासात एका जिन्यावरची गोष्ट संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्यावर पोचते. कोड, कुष्ठरोग, केस जाणं यांवरून सोयरीक मोडलेली आपण पाहिलेली असते. म्हणून दुसरं गिऱ्हाईक खुर्चीत असताना हे बोलणं काढायचं नाही. वहीत नोंद ठेवायची तर तारीख, नाव, ‘दाखवायला सांगितलं’ एवढीच.

पुढचा टप्पा परत येण्याचा, आणि बरीच ठरवाठरवी इथेच निसटते. बाई डॉक्टरकडे जाऊन येते, कागद घरी राहतो, महिन्याने ती वॅक्सिंगला येते. आपण विचारत नाही, ती सांगत नाही. तिला मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या किंवा ट्रेटिनॉइन, ॲडापलीनसारखी क्रीम सुरू असते. ही औषधं त्वचेचा वरचा थर नाजूक करतात, आणि वॅक्सची पट्टी ओढली की केसांबरोबर कातडीही निघते. ओठांच्या वर असं झालं, तर डाग बरेच महिने राहतो. म्हणून वॅक्सिंगच्या आधी प्रत्येकीला हा प्रश्न विचारायची सवय लावावी: ‘डॉक्टरची कुठली गोळी किंवा रात्रीची क्रीम चालू आहे का?’ हो म्हणाली, तर डॉक्टर लेखी सांगेपर्यंत वॅक्स नाही. तोवर केस कात्रीने कापता येतात.

डॉक्टरकडून येणाऱ्या दोन ओळी अशा असाव्यात: काय बंद, किती दिवस, काय चालेल, पुन्हा कधी दाखवायचं. आपल्या उदाहरणातल्या बाईसाठी त्यात बहुधा ब्लीच, फेशियल, वाफ बंद आणि साधा सौम्य साबण व सनस्क्रीन चालेल, असं येईल. ते अक्षरशः पाळावं. त्यात स्वतःकडून कोरफड, लिंबू, हळद घालू नये. घरगुती वस्तू असली, तरी पातळ झालेल्या कातडीला लिंबू झोंबायचंच.

असा चेहरा निवळायला महिने लागतात. पहिल्या पंधरवड्यात ती रागावून आपल्याकडेच येईल, ‘तुम्ही पाठवलंत आणि जास्त बिघडलं’ म्हणेल. इथे डॉक्टरचं औषध बदलून देणं किंवा ‘थोडं कमी लाव’ म्हणणं, ही आपल्या बाजूने रेष ओलांडणं. तिच्यासमोर डॉक्टरला फोन लावावा, नाहीतर तिला परत पाठवावं.

रेष दुसऱ्या बाजूनेही ओलांडली जाते. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणतात, पील मी देतो, तुम्ही तिकडे लावा, अर्धे-अर्धे. किंवा पाठवलेल्या प्रत्येक बाईला एकसारखीच क्रीम आणि एकसारखंच पॅकेज मिळतंय, असं दिसतं. किंवा नायटा घेऊन गेलेली बाई गोरेपणाचं सीरम घेऊन येते. असं दिसू लागलं तर भांडायची गरज नाही, पाठवणं थांबवावं आणि दुसरा पत्ता द्यावा. तसंही एकाच डॉक्टरचं नाव सांगायचं बंधन नाही. बाईला निवड ठेवली तर बरं.

हे सगळं ठरवूनही रेष बहुधा लग्नसराईत तुटते. नवरी येते, लग्न तीन आठवड्यांवर, चेहऱ्यावर मुरुमं. आई म्हणते, काहीही करा, पण डाग जाऊ द्या. तीन आठवड्यांत मुरुमं नीट करणारं औषध डॉक्टरकडेही नसतं. मुरुमांच्या उपचाराला दोन-तीन महिने धरावे लागतात. मेडिकलवरची स्टेरॉइडची ट्यूब मात्र तीन आठवड्यांत चेहरा गुळगुळीत करते आणि लग्नानंतर, सासरी, तो उसळतो. अशा आईला खरा हिशेब सांगावा. डॉक्टरला आज दाखवू, त्यांनी दिलेलं सुरू करू, नवीन फेशियल किंवा ब्लीच एकही नको, मेकअप त्या त्वचेला सोसतो का ते आठवडाभर आधी कानामागे लावून पाहू, आणि त्या दिवशी जे उरेल ते मेकअपने झाकू. पुढच्या वर्षीच्या नवऱ्यांचं बुकिंग घेताना, ॲडव्हान्सच्या पावतीवरच ‘चेहऱ्यावर काही असेल तर तीन महिने आधी डॉक्टरला दाखवा’ असा शिक्का मारून ठेवावा.